सोनेरी गोंड्याचं स्वागत

मला राग लवकर येतो, हे आख्ख्या परतुरात माहीत आहे. मी घरांचे नकाशे काढते. बाजारपेठेतून स्टेशनकडे जाताना औषधाच्या दुकानावर जी पाटी दिसते, 'तृप्ती, गृहरचना व बांधकाम सल्ला', ती माझी. आणि त्या वर्षी ती पाटी उतरवायची वेळ आल्ती.

झालं असं, की तातेरावांचं घर मी काढलं. चांगलं काढलं होतं. जिना मागच्या बाजूला, उजेड भरपूर. तर मध्येच तातेरावांचा मेव्हणा साईटवर आला आणि मिस्त्रीला म्हणाला, जिना पुढं घ्या, शोभा येते. मिस्त्रीनं घेतला. मला कुणी विचारलं? बिलकुल नाही! जिना पुढं आला तसा त्याच्याखाली संडास आला, तोही थेट बैठकीच्या दाराशी. मंग सगळं फोडलं. आणि गावात बोभाटा कशाचा? 'म्याडमनं नकाशा चुकवला.' तातेरावांची बायको मंडईत मला बघून भाजीवाल्याकडं तोंड फिरवायची. मला इतकं लागलं की मी ठरवलं, अजून एका घराची अशी तोडफोड झाली की पाटी उतरवायची आणि संभाजीनगरला एखाद्या बिल्डरकडं नोकरी धरायची.

माझ्याकडं कॉम्प्युटरवर नकाशे काढायला मोनाली आहे. ती एक दिवस म्हणाली, "ताई, तुम्ही दर माणसाला तेच तेच सांगत बसता. निम्मं विसरता, उरलेलं रागात सांगता. एकदाच लिहून काढा ना. घर बांधायला नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हातात द्यायचं."

पटलं. आम्ही दोघी लिहायला बसलो. आधी काम कसं चालतं ते: पहिली बैठक, मंग प्लॉटची मोजणी, मंग कच्चा नकाशा, त्यात दोनदा बदल, मंग सही. सही झाल्यावरच नगरपरिषदेची परवानगी आणि लोखंडाचं डिझाइन. पाया, जोतं आणि स्लॅब या तिन्ही वेळी मी स्वतः साईटवर येणार, मी बघितल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही. मंग बोलायचं कसं ते: नकाशातला कुठलाही बदल ऑफिसच्या व्हॉट्सॲप नंबरवर, लिहून. फोन फक्त साईटवर काही अडलं तर. मिस्त्रीला परस्पर काही सांगायचं नाही. शेवटी आम्हाला तुमच्याकडून काय पाहिजे: खरेदीखत, मोजणीचा नकाशा, घरपट्टीची पावती, खर्चाचा खरा अंदाज. घरात दिवसभर कोण असतं. आणि घरातल्या एकाच माणसाचं नाव, ज्याचा शब्द शेवटचा.

मी एक ओळ अजून घातली होती, 'मेव्हण्यांचे सल्ले स्वीकारले जाणार नाहीत.' मोनालीनं ती खोडली. मी परत घातली. तिनं परत खोडली आणि फाइल छापायला पाठवून मोकळी झाली.

छापायला राधेश्यामकडं. राधेश्याम म्हणजे लग्नपत्रिकावाला. त्याला मी बजावलं होतं, साधं छाप, पांढरा कागद, वर ऑफिसचं नाव. लग्नसराई नुकतीच सरली होती, आणि त्याच्याकडं भारीतला जाड कागद उरला होता. त्यानं काय केलं असेल? वर सोनेरी गणपती. भोवती आंब्याच्या पानांचं तोरण. खाली ठसठशीत अक्षरात 'सप्रेम स्वागत'. आणि कडेला लाल-सोनेरी गोंडा!

"राधेश्यामभाऊ, हे काय करून ठेवलं?"

"ताई, गणपतीशिवाय आपल्या प्रेसमधून कागद बाहेर जात न्हाई. अन् गोंडा माझ्याकडून फुकट."

डोकं फिरलं माझं. पण छापून झालं होतं, आणि आतला मजकूर बराबर होता. म्हणलं, जाऊ दे. माणसं आतलं वाचतील.

पहिला मान मच्छिंद्र सरांचा. सर शाळेत शिकवतात, स्टेशनच्या पलीकडं त्यांनी प्लॉट घेतला होता. माझ्या हातातलं तेव्हाचं सगळ्यात मोठं काम तेच. ते आले तेव्हा सोबत पुण्याच्या धाकट्या भावाचा, हरिओमचा, कागद होता. त्यानं मोबाइलवर कुठलातरी बंगला बघून आराखडा केला होता. खाली मोठा हॉल, वरपर्यंत मोकळा. स्वयंपाकघर मागं. आईची खोली वरच्या मजल्यावर, 'शांत म्हणून'. सर म्हणाले, "हरिओमला विचारूनच सगळं ठरवू." मेव्हणा नाही तर भाऊ! मी ते गोंडेवालं कार्ड त्यांच्या हातात दिलं, वर चिठ्ठी चिकटवून: रविवारी अकरा वाजता, ऑफिसात. "घरी सगळ्यांनी नीट वाचा," म्हणलं.

रविवारी अकराला मी खिडकीतून बघते तर खाली जीप थांबली आणि त्यातून आख्खं खानदान उतरलं. बायका ठेवणीतल्या लुगड्यांत. सरांच्या बायकोच्या, दैवशालाताईंच्या हातात ताट, ताटात नारळ, खण, हळदी-कुंकू. एकाच्या काखेत भिंतीवरचं घड्याळ, चमकीच्या कागदात गुंडाळलेलं. आणि सगळ्यात मागं, कठडा धरून एकेक पायरी चढत, सरांची आई, गोजरबाई.

सर पुढं आले, तोंड एवढंसं करून. "म्याडम, मी म्हणलं, कामाचे कागद हायेत. पण आईनं ते कार्ड बघितलं अन् देवघरात ठेवलं, कुंकू वाहिलं. म्हणली, पोरीनं कार्ड दिलंय, सगळ्यांनी जावं लागतं. आत कुणी उघडून बघितलंच न्हाई."

"पंगत कुठंय?" सरांच्या एका काकांनी आत डोकावत विचारलं.

मी मोनालीकडं बघितलं. ती टेबलाखाली पडलेलं पेन शोधायच्या निमित्तानं हसत होती. मला आधी संताप आला, मंग रडू येईल असं वाटलं, आणि मंग, कसं काय कोण जाणे, मलाही हसू फुटलं. गोजरबाईंनी माझी ओटी भरली. आता ओटी भरलेल्या बाईला कुणावर ओरडता येतं का? समोरच्या हॉटेलातून पोहे आणि चहा मागवला, औषधाच्या दुकानातून खुर्च्या वर आणल्या. घड्याळ भिंतीला लावलं.

पोहे खाऊन झाल्यावर म्हणलं, "सर, आता सगळे आलेच आहात, तर ते कार्ड वाचून दाखवा. वर्गात वाचता तसं."

सरांनी खडा आवाज लावला. मोजणी, नकाशा, सही, परवानगी. सगळे लग्नातल्या मंगलाष्टका ऐकाव्यात तसे गप्प बसून ऐकत होते. 'मिस्त्रीला परस्पर काही सांगायचं नाही' इथं काकांनी मान हलवली. मंग सरांनी पुढची ओळ वाचली, "घरात दिवसभर कोण असतं?"

सर थांबले. सगळ्यांनी गोजरबाईंकडं बघितलं.

"मीच की," त्या म्हणाल्या. "तू शाळेत, दैवशाला बँकेत, लेकरं शिकवणीला. हरिओम तर दिवाळीला येतो. मीच असते घरात."

"मंग आजी," मी विचारलं, "तुम्हाला घर कसं पाहिजे?"

"मला कोण इचारून राह्यलं?" त्या सहज म्हणाल्या. रागानं नाही, आणि म्हणूनच ते जास्त टोचलं. मंग त्यांनी सरांच्या मांडीवरचा हरिओमचा आराखडा बोटानं दाखवला. "वरची खोली माझी म्हणं. गुडघे असे. एकदा वर चढले तर खाली कवा येऊ? वरच टाकून देता का रे मला?"

दैवशालाताईंनी डोळ्याला पदर लावला. सरांनी तो आराखडा घडी करून खिशात घातला.

"बोल आई," ते म्हणाले. "काय पाहिजे?"

आणि गोजरबाई बोलल्या! इतकी वर्षं मनात बांधलेलं घर होतं ते. झोपायची खोली खाली, न्हाणी तिला लागून, मध्ये उंबरा नको. स्वयंपाकघर पुढच्या बाजूला. "अन् त्याला रस्त्याकडं खिडकी. भाजी निवडता निवडता माणसं दिसावीत. दिवसभर भिंतीशी काय बोलू मी?" मी भराभर लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, याच्याइतकी सरळ मागणी मला आजवर एकाही माणसानं दिली नाही.

शेवटची ओळ, ज्याचा शब्द शेवटचा त्याचं नाव. सरांनी पेन उघडलं आणि लिहिलं, गोजरबाई.

"पण आईला लिहिता येत न्हाई," दैवशालाताई म्हणाल्या. "बदल लिहून पाठवायचे असं हाय ना यात?"

मोनाली म्हणाली, "बोलून पाठवा. तुमच्या मोबाइलवरून, पण आवाज आजींचाच पाहिजे." मी लगेच होकार दिला.

बांधकाम सुरू झालं. या वेळी मिस्त्रीलाही मी त्या कार्डाची एक प्रत दिली होती, गोंड्यासकट. जोत्याचं काम चालू असताना हरिओमचा पुण्याहून थेट मिस्त्रीला फोन, की स्वयंपाकघर मागं सरकवा, पुढून बरं दिसत नाही. मिस्त्री म्हणाला, "आजीचा आवाज आणा, साहेब. त्याबिगर वीट हलत न्हाई." थोड्या वेळानं आमच्या ऑफिसच्या नंबरवर गोजरबाईंचा आवाज आला. "पोरी, हरिओमला म्या सांगितलंय, की तुझी खोली वर, माझी खिडकी पुढं. तू काम चालू दे." मी आणि मोनालीनं तो आवाज तीनदा ऐकला.

त्या घरात एक वीटसुद्धा फोडावी लागली नाही. पाटी आहे तिथंच आहे. तातेरावांची बायको परवा मंडईत स्वतःहून बोलली. म्हणाली, माझ्या बहिणीला घर बांधायचंय, ते कार्ड मिळंल का?

दुसऱ्यांदा छापायला गेले तेव्हा राधेश्याम आधीच कान पकडून उभा. "ताई, या खेपेला साधा पांढरा कागद."

"खबरदार!" मी म्हणलं. "गणपती पाहिजे, तोरण पाहिजे, गोंडा पाहिजे. कामाचा कागद दिला की घरातला एक माणूस येतो. कार्ड दिलं की सगळे येतात." आणि खाली एक ओळ वाढवून घेतली, 'सहकुटुंब यावे. घरात सर्वांत जास्त वेळ जे राहणार, त्यांच्याशिवाय बैठक सुरू होणार नाही.'

वास्तुशांतीचं कार्ड द्यायला गोजरबाई स्वतः आल्या. खालूनच हाक मारली, जिना नको म्हणून. मी धावत उतरले. त्यांनी कार्ड माझ्या हातावर ठेवलं आणि बोट उगारलं.

"उघडून वाच बरं का. आमच्यावानी देवघरात नको ठेवू."

मी तिथंच उभ्या उभ्या उघडलं. निमंत्रकांच्या जागी सगळ्यात वर, सरांच्या आणि हरिओमच्याही वर, एकच नाव होतं. मला पुढचं नीट वाचताच येईना.

"रडायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "जल्दी ये. मी खिडकीत बसून वाट बघते."