सही चालत नाही
साकोलीच्या बँकेत दादाजी रांगेत उभे होते. मुलगा अमर कतारला कामाला होता आणि त्याने दिलेल्या मुखत्यारपत्रावर दादाजीच त्याचं खातं चालवत. काल अमरच्या साइटवर अपघात झाल्याचं कळलं, तेव्हापासून त्याचा फोन लागत नव्हता. सून डिंपल म्हणाली होती, "बाबा, आजच पैसे काढून आणा."

रांगेतच फोन वाजला. अमरच्या सोबत्याचा होता. ऐकता ऐकता दादाजी भिंतीला टेकले. अमर राहिला नव्हता.

नंबर आला. खिडकीतल्या मॅडमनी नेहमीसारखा हात पुढे केला, "द्या बाबा चेक." सही केलेला चेक दादाजींनी हातातच धरून ठेवला. बँकेत अजून कोणालाच काही माहीत नव्हतं.

"आता माही सही चालत नाही नं, मॅडम," ते म्हणाले. "पोरगा गेला माहा."

मॅडम उठून बाहेर आल्या आणि त्यांना बाकावर बसवलं. "मुखत्यारपत्र माणूस हयात असेपर्यंतच चालतं, बाबा. पण नॉमिनी डिंपल आहे. मृत्यूचा दाखला आला की तिला अर्ज करता येईल."

दादाजींनी मान हलवली, पण अमर गेल्याचं डिंपलला कोणत्या तोंडानं सांगायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.