धोंड्याच्या महिन्यातली तारीख

आमच्या देवळाली प्रवऱ्यात अमेरिकेला निघालेला पहिला माणूस म्हणून माझा सत्कार झाला तो एकोणीसशे बहात्तरच्या मार्चमध्ये. फेटा, नारळ, झेंडूचा हार, सगळं यथासांग. मी तेव्हा साखर कारखान्यात स्लिपबॉय होतो, म्हणजे कुणाचा ऊस कधी तुटणार याच्या चिठ्ठ्या घेऊन सायकलवरून वस्त्या फिरायचो. अशा माणसाला अमेरिका कशाला बोलावेल, हा प्रश्न गावात एकालाही पडला नाही. मला पडला होता, पण गळ्यात हार असताना प्रश्न विचारू नयेत एवढी अक्कल मला होती.

खरी गोष्ट अशी की अमेरिकेनं बोलावलं होतं माझ्या बायकोला. मनकर्णा नगरच्या दवाखान्यात नर्स. न्यूयॉर्कच्या एका इस्पितळानं तिला नोकरी दिली, कागद झाले, मुंबईच्या वकिलातीत मुलाखत झाली आणि जानेवारीत दोघांनाही कायम राहायचा व्हिसा मिळाला. तिला मिळाला तो नर्स म्हणून. मला मिळाला तो तिचा नवरा म्हणून. लग्नात नवरदेवाबरोबर मिरवणाऱ्या कुरवल्याला पाट मिळतो, तसा.

हे मी घरी सांगितलं नाही. "आमाला व्हिसा मिळाला," एवढंच म्हणालो. आमाला या शब्दात सगळं बसतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पारावर जाऊन "आमच्या कानिफला अमेरिकेनं बोलावलं" असं जाहीर केलं, आणि मी दुरुस्ती करायला गेलो नाही.

अडचण आली ती तारखेची. व्हिसावर चार महिन्यांची मुदत होती, दहा मेपर्यंत. ती इथून निघायची मुदत नव्हे. दहा मेच्या आत तिकडं उतरून तिथल्या साहेबापुढं उभं राहायचं, नाहीतर व्हिसा गेला. मनकर्णाच्या जागी येणारी नर्स एप्रिलच्या मध्याआधी येत नव्हती आणि तोवर दवाखाना तिला सोडत नव्हता. आणि एप्रिलच्या मध्याला लागत होता धोंड्याचा महिना. अधिक वैशाख. तो संपत होता तेरा मेला.

आता आमच्या आईचं, छबूबाईचं, पंचांग वकिलातीपेक्षा कडक. अधिक महिन्यात आमच्या घरचं कुणी वेस ओलांडून मोठ्या कामाला जात नाही. बैल विकत घेत नाहीत, तिथं विमानात कोण बसवणार.

"म्हैना उतरला की जा दोघं," आई म्हणाली. "तीन दिसानं काय अमेरिका पळून जाती व्हय?"

मग मी डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की घरात काहीतरी फुटतं हे मनकर्णाला लग्नानंतर महिन्याभरात कळलं होतं, तरी तिनं ऐकून घेतलं. बेत असा, की महिना लागायच्या आधी मी एकट्यानं पुढं जायचं. घर बघायचं, मांडामांड करायची. एकदा घरातला कर्ता माणूस वेळेत पोचला, की बायकोला तारखेची भीती नाही. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव, त्याच्यावरच तिला साखर मिळते. अमेरिका काय जगावेगळी आहे का?

"अहो, पन व्हिसा माझ्या नावावर हाय," ती म्हणाली. "तुमी माझ्या मागनं. साहेबानं मुलाखतीत सांगितलं हुतं. माझ्याबरोबर या, न्हाईतर माझ्यानंतर या. माझ्या आधी तुमाला आत घेत न्हाईत."

"मला न्हाई सांगितलं."

"तुमी तवा भिंतीवरलं घड्याळ बघत हुता."

मला राग आला. खरं बोलणाऱ्या बायकोचा जेवढा राग येतो तेवढा खोटं बोलणारीचा येत नाही. मी म्हणालो, मुंबईला जाऊन विचारून येतो, मग बघू कोण कुणाच्या मागनं. रजा काढली, एसटी धरली आणि वकिलातीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आतले गृहस्थ मराठीच होते. त्यांनी दोन्ही पासपोर्ट उघडले आणि फार शांतपणे विचारलं, "मुख्य अर्जदार कोण?"

"घरात मीच मुख्य," मी म्हणालो.

"घरातलं नाही विचारलं. मुख्य अर्जदार तुमच्या पत्नी. त्यांना प्रवेश मिळाला की मगच तुम्हाला मिळेल. त्यांच्याआधी गेलात तर विमानतळावरच अडवतील."

"आणि तिला जरा उशीर झाला तर?"

"दहा मेपर्यंत त्या पोचल्या नाहीत, तर त्यांचा व्हिसा संपला. तुमचा त्यांच्यावरच उभा आहे, तोही संपला. पुन्हा सगळं पहिल्यापासून."

"ती वेळेत गेली आणि मीच राहिलो तर?"

"तर तुमचा एकट्याचा संपेल. त्यांच्या मागून जायचा हक्क राहतो, पण नवा अर्ज, नवी तपासणी, नवा व्हिसा. किती महिने लागतील सांगता येत नाही." मग पासपोर्ट सरकवत म्हणाले, "पत्नीला हे सगळं माहीत असेल. त्यांना विचारायचं होतंत."

परतीच्या एसटीत मला एकच गोष्ट लख्ख दिसत होती. मी घरी खरं सांगितलं नाही, तर आई सुनेला महिना उतरेपर्यंत सोडणार नाही. कारण आईच्या हिशेबी व्हिसा माझा होता आणि सून म्हणजे सामान, मागनं पाठवलं तरी चालतं. माझ्या हारापायी मनकर्णाची नोकरी जाणार होती. तीन वर्षं रात्रपाळ्या करून, इंग्रजी पुस्तकं घोकून तिनं ती मिळवली होती. मी काय घोकलं होतं? तर सत्काराचं भाषण.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर आप्पा, आई आणि आप्पांचे दोन दोस्त बसले होते. दोस्त उठून जायची मी वाट बघत होतो. ते उठेनात. शेवटी त्यांच्यादेखतच बोललो.

"व्हिसा माझा न्हाई. तिचा हाय. अमेरिकेनं तिला बोलावलंय. मी नुसता नवरा म्हणून चाललोय. तिला धोंड्याच्या महिन्यातच जावं लागंल, एकटीला जावं लागलं तरी. न्हाईतर दोघांचंबी बुडलं."

आप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. एक दोस्त म्हणाला, "मंग हार कुनाला घातला रं आपुन?"

आई मात्र बिलकूल दचकली नाही. "तुला कोन बोलावतंय ते मला ठाऊकच हुतं," ती म्हणाली. "जाऊ दे तिला. सायबाची तारीख देवाला इचारून पडत न्हाई. पन तू जायचं न्हाई. अधिकात दोगं संगं इमानात बसलं आन् काय झालं मंजी? तू म्हैना उतरल्यावर जा."

म्हणजे संकट आलंच तर ते सुनेवर यावं, अशी सोय झाली. मनकर्णा दाराआड उभी राहून ऐकत होती. मी तेव्हा म्हणायला हवं होतं, की मी तिच्याबरोबर जाणार. मी म्हणालो, "बरं."

एप्रिलच्या शेवटी सांताक्रूझला तिला सोडायला गेलो. तिच्या हातात तो वकिलातीनं दिलेला बंद लखोटा होता, तिकडच्या साहेबानंच फोडायचा. तिनं तो पोटाशी धरला होता. "या लवकर," म्हणाली आणि गेली. चार दिवसांनी तार आली: पोचले, प्रवेश मिळाला.

आता माझी वाट मोकळी होती आणि दहा मे दूर नव्हती. पण मी काय करत होतो? ऊस बघत होतो. गळीत हंगाम संपत आलाय, आई म्हणतेय तर राहू, नवा अर्ज करता येतो की, खिडकीवरचे गृहस्थ स्वतः म्हणाले होते. खरं सांगू, मला भीती वाटत होती. तिथं मला कुणी ओळखणार नव्हतं, आणि ओळखलंच तर मनकर्णाचा नवरा म्हणून. इथं निदान माझी सायकल सगळ्यांना माहीत होती.

अशात नेवाशाहून सासूबाईंचं, रंगुबाईंचं बोलावणं आलं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला घालतात, वाण देतात. जावई म्हणजे त्या महिन्यापुरता नारायण. नारायण एकटाच एसटीनं नेवाशाला गेला आणि पुरणाचे धोंडे तूप घालून हाणले.

जेवण झाल्यावर सासूबाईंनी तेहतीस अनारसे पत्र्याच्या डब्यात भरले, वर लाल फडकं बांधलं आणि डबा माझ्यापुढं ठेवला.

"जावईबापू, ह्ये वाण जोडीचं असतंय. एकट्यानं खायचं न्हाई. म्हैना हाय तवर दोघांनी मिळून खायचं."

"अहो मामी, ती तर अमेरिकेत."

"मंग अमेरिकेत नेऊन खावा. म्हैना सरल्यावर त्ये नुस्तं गोड हुतंय, वाण ऱ्हात न्हाई." मग खाली बघून म्हणाल्या, "माझी लेक तिथं एकली हाय. तुमी जानार हाय का न्हाई, तेवढं सांगा. तिला तसं कळवते."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी डबा उचलला आणि परतीची एसटी धरली.

घरी येऊन डबा आईपुढं ठेवला. वाणाचं सांगितलं. आईनं फडक्याची गाठ चाचपून बघितली. विमानात बसणं अधिकात वर्ज्य, पण वाण मोडणं त्याहून वाईट. तिचंच पंचांग तिला नडलं. "जा," ती म्हणाली. "डबा सांबाळ."

नऊ मेला मी न्यूयॉर्कला उतरलो. साहेबानं माझा लखोटा फोडला, कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, बायको आधी आली का? मी म्हणालो, हो, ती आली, मी तिच्या मागून आलो. एवढं इंग्रजी मी विमानभर पाठ केलं होतं. त्यानं शिक्का मारला. फेटा नाही, नारळ नाही.

बाहेर मनकर्णा उभी होती, कुणाचा तरी मोठा कोट घालून, रात्रपाळीवरून तशीच आलेली. डोळे लाल होते. मला बघून हसली, डबा घेतला आणि तिथंच बाकावर बसून फडकं सोडलं. एक अनारसा मोडून अर्धा मला दिला.

"आत जाताना तुला काय विचारलं?" मी विचारलं.

"नवरा कुठाय म्हनून विचारलं. मी म्हनलं, मागनं येतोय."

"मग?"

"म्हनाला, नक्की येनार ना?" तिनं अर्धा अनारसा हातात तसाच धरला होता. "मी हो म्हनलं. पन अहो, मला वाटलं हुतं, तुमी येनार न्हाई."

तिचं चुकलं नव्हतं. मी तिच्या हातातला तो अर्धा अनारसा तिच्या तोंडाशी नेला.