किरकोळ सुधारणा

मला खोटं बोलता येत नाही, असं माझ्या बायकोचं मत आहे. तिला काय माहीत! मी एकदा असं खोटं बोललो की ते दोन महिने टिकलं, आणि त्याचा भार उमरेडच्या एका पोरीनं वाहिला.

माझं नाव सुशील. नागपुरात आयटी पार्कच्या रस्त्यावर आमची लहानशी कंपनी आहे. हातानं काम करणाऱ्या माणसांनी आपल्या कामाचे व्हिडिओ टाकायचे आणि शिकणाऱ्यांनी ते आमच्या ॲपवर पाहायचे, असा आमचा धंदा. ॲप मराठीत. फोनमधून निघालेला व्हिडिओ पाहणाऱ्याच्या पडद्यावर पोचेपर्यंतची सगळी वाट मी बांधली, एकट्यानं. मला तिचा भारी गर्व होता.

वाट तशी पिठाच्या गिरणीसारखी आहे. व्हिडिओ क्लाउडमधल्या साठ्यात येऊन पडला की साठा आपणहून एक निरोप धाडतो: अमुक नावाची फाइल आली. निरोप मिळताच माझा एक छोटा प्रोग्राम जागा होतो, त्या नावाची फाइल शोधतो आणि तिला दळायला लावतो. एका व्हिडिओच्या चार प्रती होतात, अगदी स्वच्छ चित्राच्या प्रतीपासून अगदी हलक्या प्रतीपर्यंत. प्रत्येक प्रतीचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे, आणि सोबत त्या तुकड्यांची यादी. पाहणाऱ्याचं नेटवर्क चांगलं असलं की त्याचा फोन स्वच्छ प्रतीचे तुकडे उचलतो, नेटवर्क मंदावलं की हलक्या प्रतीचे. चित्र जरा धूसर होतं, पण सहसा थांबत नाही. मूळ फाइल सात दिवसांनी साठ्यातून आपोआप पुसली जाते, कारण प्रती झाल्यावर तिला सांभाळून करायचं काय? हा शहाणपणाचा नियमही माझाच.

उमरेडला विणकरांसमोर आम्ही ॲप दाखवायला गेलो होतो. हॉलमध्ये चाळीसेक माणसं असतील. काजल नावाच्या तिशीच्या आत-बाहेरच्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, व्हिडिओचं नाव इंग्रजीतच द्या लागते का?"

मी माइक हातात घेतला. "अहो, ॲप आपलं आहे, मराठी आहे. बिनधास्त मराठीत नाव द्या!"

टाळ्या पडल्या. खरं सांगतो, मी तोवर एकाही मराठी नावाची फाइल टाकून पाहिली नव्हती. माझ्या सगळ्या चाचण्या टेस्ट वन, टेस्ट टू अशा इंग्रजी अक्षरांत. टाळ्यांना हपापलेला माणूस असंच बोलतो.

काजलचे वडील नत्थूजी. करवती काठाची साडी, आडवा धागा नेणाऱ्या तीन धोट्यांवर विणणारे. मधल्या अंगाचा एक धोटा, दोन काठांचे दोन, आणि जिथं काठ अंगाला मिळतो तिथं धागा धाग्यात असा अडकवायचा की उलटी-सुलटी बाजू ओळखू येऊ नये. त्यांच्यासारखं ते अडकवणं आसपास कोणाला जमत नव्हतं. काजलनं त्यांच्या कामाचे सहा धडे फोनवर शूट केले. पहिल्या पाचांना तिनं इंग्रजीत नुसतं लेसन आणि आकडा अशी नावं दिली. सहावा धडा त्या अडकवण्याचा. तेव्हा नत्थूजी म्हणाले, "याले मराठीत नाव दे. सर बोलले होते ना." तिनं फाइलला नाव दिलं, 'काठाची गाठ'.

तो टाकल्यावर नवव्या दिवशी तिचा फोन आला. पाच धडे दिसतात, सहावा दिसत नाही. मी "पाहून सांगतो" म्हणालो आणि नोंदी उघडल्या.

साठ्यातून जो निरोप येतो ना, त्यात मराठी अक्षरं जशीच्या तशी येत नाहीत. एका 'क'च्या जागी टक्क्यांच्या खुणा आणि इंग्रजी अक्षर-आकडे मिळून नऊ चिन्हं येतात. ती उलगडून मूळ नाव काढायचं असतं. एका ओळीचं काम. ती ओळ मी लिहिलीच नव्हती. माझ्या प्रोग्रामनं ते टक्क्यांचं नाव जसंच्या तसं धरून फाइल शोधली. सापडली नाही. ठरल्याप्रमाणे आपोआप आणखी दोनदा शोधली. सापडली नाही. मग तो निरोप टाकून दिला. असा पडलेला निरोप कुठं गोळा व्हावा किंवा मला कळावा, याची सोयही मी केली नव्हती. फाइल बिचारी साठ्यात सात दिवस व्यवस्थित पडून होती. आठव्या दिवशी माझ्या नियमानं तिला पुसलं.

मी ती एक ओळ लिहिली आणि चालू केली. बदलाची नोंद करायची असते, तिथं टाकलं: किरकोळ सुधारणा.

मग काजलला फोन केला. कंपनीला नवं काम मिळायच्या बेतात होतं, माझं प्रमोशन त्यावर होतं, ही सगळी कारणं मला तोंडपाठ आहेत. एकही कामाचं नाही. मी म्हणालो, "तुमच्याकडून अपलोड अर्धवट झालं असेल. नेटवर्क गेलं असेल मधातच."

"पण पूर्ण झालं असं लिहून आलं होतं, सर. म्हणून मी फोनातून डिलीट केला. जागाच नव्हती."

"होतं असं कधी कधी. पुन्हा शूट करून टाका," म्हणालो, आणि फोन ठेवायची घाई केली.

नत्थूजी म्हणाले, हातातली साडी उतरली, मागावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढला की पुन्हा दाखवू. ताणा चढायच्या आधीच त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. दोन-चार शब्द तेवढे राहिले. हे मला कळलं तेव्हा मी ऑफिसच्या टेरेसवर जाऊन बसलो आणि मनाला समजावलं, की लकवा काही माझ्यामुळे आला नाही. ते खरंच आहे. म्हणूनच मी ते घट्ट धरून बसलो.

दोन महिन्यांनी आमच्या टीममधली मयुरी जुन्या बदलांचा कागद तयार करत होती. पोरगी हुशार, आणि तोंडाची फटकळ. माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सुशील सर, हे किरकोळ काहून लिहिलं? याच्या आधी मराठी नावाचा एकबी व्हिडिओ पुढं जात नव्हता."

"कोणी टाकतच नव्हतं तेव्हा."

"एकानं टाकला होता. नोंद आहे." तिनं नाव वाचलं. "मंग त्या बाईले फोनच्या ट्रॅशमध्ये पाहाले सांगितलं होतं ना? तिनं डिलीट केला असंल तरी व्हिडिओ तीस दिवस राहते तिथं."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कोणत्याही शेंबड्या पोराला माहीत असतं. पण त्या दिवशी मला व्हिडिओ शोधायचाच नव्हता, फोन ठेवायचा होता. व्हिडिओ नवव्या दिवशी काजलच्या हातातल्या फोनमध्ये होता. ज्या फोनवर ती माझ्याशी बोलत होती, त्याच फोनमध्ये.

"सर?" मयुरी म्हणाली. तिला कळलं. "तुम्ही जा तिथं," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

मी काजलला फोन केला, व्हिडिओबद्दल बोलायला रविवारी येतो म्हणून सांगितलं. एवढंच सांगितलं. त्याचा अर्थ त्यांनी काय लावला ते मला तिथं पोचल्यावर कळलं.

नागपुरातल्या हुडकेश्वरहून उमरेड रोडनं निघालो, तासाभरात पोचलो. घराच्या ओसरीवर सात-आठ माणसं बसलेली. नत्थूजींना खुर्चीत बसवलं होतं, दाढी केलेली, टोपी पांढरीस्वच्छ. समोर स्टुलावर फोन उभा करून पाचवा धडा लावलेला. नेटवर्क कमी-जास्त होत होतं, त्यांचे हात धूसर व्हायचे, पुन्हा स्वच्छ व्हायचे. ते आपल्याच हातांकडे बघत होते.

"या सर," काजलची मोठी बहीण सरिता म्हणाली. "सापडला ना व्हिडिओ? मी म्हणतच होती बाबांले, हिनं पुसला तरी कंपनीवाल्याईकडं असंलच."

काजल दाराला टेकून उभी होती. खाली मान. घरात तिच्याशी नीट कोणी बोलत नसावं, हे मला विचारावं लागलं नाही.

"सापडला नाही," मी म्हणालो. मी खाली बसलो. "काजलताईंनी काही केलं नाही. त्यांचं अपलोड पूर्ण झालं होतं. आमच्याकडे पोचलं होतं. माझ्या प्रोग्रामला मराठी नाव वाचता आलं नाही. चूक माझी. आणि ताईंचा फोन आला त्याच दिवशी ती मला कळली होती."

सरितानं हात वाढवून फोनचा आवाज बंद केला.

"त्या दिवशी कळलं होतं?" काजलनं विचारलं.

"हो."

"त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर मिळाला असता?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. ओसरीवर कोणालाच ते तपासता आलं नसतं. "हो," मी म्हणालो. "तुमच्याच फोनमध्ये होता. डिलीट केलेले व्हिडिओ महिनाभर राहतात त्यात. मी सांगितलं नाही."

ती वडिलांच्या खुर्चीशी जाऊन गुडघ्यांवर बसली. "बाबा, ऐकलं का? मी नाही पुसला. मी नाही, बाबा." नत्थूजींचा डावा हात हवेत चाचपडला, तिच्या डोक्यावर पडला. बरीच खटपट करून त्यांनी "काजल" म्हटलं. सरिता तोंडाला पदर लावून रडायला लागली. "लकवा झाल्यापासून पहिल्यांदाच बोलले गा बाबा तिच्याशी," ती शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाली.

मला कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर जीव हलका झाला असता. उलट चहा आला. मी तो प्यालो, कारण नाही म्हणायलाही तोंड नव्हतं. आता हा कबुली देऊन मोकळा झाला, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही गाडीपर्यंत चालत जाताना क्षणभर तसंच वाटलं.

काजल मागून आली. डोळे लाल, पण आवाज शांत होता.

"सर, एक इचारू? त्या दिवशी फोनवर मी तुम्हाले काय म्हटलं होतं, आठवते?"

आठवत होतं. वर सगळं लिहिलं, तेवढं एक वाक्य मी गाळलं.

"मी सॉरी म्हटलं होतं," ती म्हणाली. "माझ्यामुळं तुम्हाले त्रास झाला म्हणून. अन् तुम्ही म्हणाले, असू द्या, पुढच्या वेळेस काळजी घ्या."