हिरव्या पट्टीला मराठी येत नव्हतं

माझ्या स्टुडिओचे सगळे फोटो धाकट्या भावाने बनवलेल्या साइटवरच होते. पासवर्ड म्हणून मी इंग्रजी अक्षरांत ‘उद्यानक्कीदेते’ टाकलं, तर पासवर्ड किती भक्कम ते दाखवणारी पट्टी हिरवीगार! गिऱ्हाइकांना मी रोज हेच ऐकवायचे. भांडून गेलेल्या मदतनिसाने तिसऱ्याच प्रयत्नात आत शिरून सगळं पुसून टाकलं.

“ताई, पट्टीकडे नेहमीच्या पासवर्डांची आणि इंग्रजी शब्दांची यादी असते,” भाऊ खाली मान घालून म्हणाला. “तुझे शब्द त्यात नव्हते. तिला ती कशीही जुळवलेल्या अक्षरांची लांबलचक माळ वाटली.”

“मेल्या, तिला नसेल, पण अख्ख्या गावाला ठाऊक होतं ना!”

त्याच्यावर डाफरून काय होणार? बाबा कधीपासून साइटवरचा आईचा शेवटचा फोटो मागत होते. त्यांनाही मी म्हणायचे, उद्या नक्की देते.