कालिनची खिडकी

आतल्या खोलीत खट् असा आवाज झाला आणि घरातली शांतता मोडली. मी वाळलेले कपडे हातात घेऊन तशीच दारात थांबले.

नेदा संगणकासमोर गुडघ्यांवर बसली होती. डाव्या हाताचा अंगठा खिडकीचं चित्र असलेल्या बटणावर, उजव्या हाताचं बोट 'एल'वर. पडद्यावरची तिची रंगवलेली मांजर नाहीशी झाली आणि डोंगराचं चित्र आलं. तिनं आणखी एक बटण दाबलं. कोपऱ्यात आम्हा चौघांची नावं आली. तिनं कालिनच्या नावावर टिचकी मारली, तशी त्याची तसबीर गोल होऊन मध्ये आली. बाल्कनीत ढब्बू मिरच्या भाजताना हसणारा कालिन, तिचा बाबा. खाली पासवर्डची रिकामी पट्टी.

ती काही टाइप करत नव्हती. नुसती बघत होती.

"आई, मी काही केलं नाहीये हं," ती मागे न वळताच म्हणाली.

"माहितीये गं. बघ तू."

हे कुलूप घरात आणलं कालिननंच. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत चार माणसं आणि एक संगणक. सासूबाईंना कुणाचंही काही उघडं दिसलं की वाचायची सवय, मग ते विजेचं बिल असो की माझ्या बहिणीशी झालेलं माझं बोलणं. कालिननं चार खाती केली आणि सगळ्यांना शिकवलं, "खुर्चीतून उठलात की खिडकी आणि एल. चालू असलेलं काही बंद होत नाही, फक्त दार लागतं. आत जे जसं होतं तसंच राहतं. दुसऱ्यानं आपल्या नावावर जाऊन आपलं काम करायचं."

"चिकटांच्या गाब्रोवोत जन्मून मुलगा कुलपं वाटतोय," सासूबाई म्हणाल्या होत्या. "फुकट असेल, म्हणून वाटतोय."

हिवाळ्यात कालिन आणि नेदा संध्याकाळी त्या खोलीत बसू लागले. माझी पावलं वाजली की आतून कुजबुज, मग खट्. तो खिडकीचं बटण धरायचा, ती एल दाबायची. दोघांचे दोन हात, कुलूप एक. मी आत जाई तेव्हा पडद्यावर डोंगर, आणि दोघांचे चेहरे एकसारखे निरागस.

"माझ्यापासून लपवण्यासारखं काय आहे तुमच्याकडे?"

"तुझ्या नामदिनाला कळेल," तो म्हणे. माझं नाव इग्लिका, एका रानफुलाचं. फुलांची नावं असलेल्यांचा नामदिन ईस्टरच्या आधीच्या रविवारी येतो.

फेब्रुवारीअखेर एका सकाळी त्यानं तसंच खट् केलं, कॉफी उभ्यानंच संपवली आणि ट्रक घेऊन सर्बियाकडे गेला. नीश शहराच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या थांब्यावर, गाडीत झोपला असताना त्याचं हृदय थांबलं.

तेव्हापासून मी हा संगणक बंद केलेला नाही. झोपवते, उठवते, पण बंद करत नाही. स्टार्टमध्ये माझ्या तसबिरीवर टिचकी मारली की बाकीची नावं दिसतात, आणि कालिनच्या नावाखाली अजून 'साइन इन केलेले' असं येतं. एखादं अपडेट येऊन आपोआप पुन्हा सुरू होईल म्हणून इंटरनेटची तारही मी काढून ठेवली. सासूबाई जिन्यातला दिवासुद्धा दोन मजले खाली जाऊन मालवणाऱ्या. त्या या खोलीसमोरून जाताना आतल्या पंख्याची घरघर ऐकतात आणि काही बोलत नाहीत. स्पेनमध्ये सारागोसाला असलेल्या आपल्या मुलीशी बोलायला शेजारणीकडे जातात, तेही न कुरकुरता.

पण आता त्याचा चाळिसावा दिवस जवळ आला होता. इमारतीच्या दारावर गेलेल्या माणसाच्या नावाची सूचना लावायची, तिच्यावर तसबीर हवी.

"पासपोर्टावरची नको," सासूबाई स्वयंपाकघरात म्हणाल्या. श्राद्धासाठी गहू निवडत होत्या. "त्यात तो पोलिसांना घाबरल्यासारखा दिसतो. मला तो मिरच्या भाजतानाचा फोटो हवा."

तळमजल्यावरचा बोयान, कालिनचा मावसभाऊ, टेबलाशी बसला होता. संगणक दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. "मावशी, पडद्यावरून फोननं टिपला तर भुताचा दिसेल. मूळ फोटो त्याच्या खात्यात आहे. पासवर्ड कुणालाच माहीत नाही आणि सगळे अधिकार त्याच्याच खात्याला. डिस्क काढून माझ्या मशीनला लावतो, फोटो मिळतील."

"मग लाव की."

"त्यासाठी हा बंद करावा लागेल." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, त्यानं जे जपून ठेवलंय ते डिस्कवर आहे, ते कुठे जात नाही. जे उघडं होतं पण जपलं नाही, ते फक्त हा चालू आहे तोवर."

"आणि त्यानं जपलंय की नाही?"

"ते त्यालाच माहीत."

सासूबाईंनी गव्हाचं ताट बाजूला सारलं. "सूनबाई, मी तुला कधी म्हटलं का, तो डबा बंद कर म्हणून?"

"नाही, आई."

"आजही म्हणत नाही. पण त्या दारावर लोक त्याला बघतील. हसताना बघू देत. माझा पोरगा आहे तो."

मी आत गेले. गेले कित्येक दिवस मी त्या पट्टीत त्याच्या वाढदिवसापासून त्याच्या पहिल्या गाडीच्या नंबरापर्यंत सगळं टाइप करून पाहिलं होतं.

"नेदा, बाबा पासवर्ड टाकायचा तेव्हा तू काय बघायचीस?"

"तो डोळे मिट म्हणायचा."

"आणि तू मिटायचीस?"

"हो." तिला प्रश्नच विचित्र वाटला. "आई, मिट म्हटल्यावर मिटायचे असतात."

"आत काय करत होतात गं दोघं? मला आता सांगितलंस तरी चालेल."

तिनं ओठ घट्ट दाबले. डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ उघडले नाहीत. मग हळूच म्हणाली, "एवढंच सांगते. शेवटचं पान राहिलं होतं. ते तो आल्यावर करायचं होतं."

मी तिला मांडीवर घेतलं. तिच्या केसांना शाळेतल्या खडूचा वास येत होता. दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे बोयान, हातात पेचकस. सासूबाईंच्या ओंजळीत थोडे गहू तसेच राहिले होते.

"मी करते बंद," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणी नको."

माझ्या नावावर जाऊन पासवर्ड टाकला. स्टार्ट. बंद करा. पडद्यावर दोन ओळी आल्या. नेदा पहिलीत आहे, समोर दिसेल ते वाचते. बोट ठेवून, शब्द तोडत तोडत तिनं वाचलं, "दुसरं... कुणीतरी... अजून हा संगणक वापरत आहे. आता बंद केलात तर... त्यांचं न जपलेलं काम... जाऊ शकतं."

खाली 'तरीही बंद करा' असं बटण. माझा हात माउसवर होता.

सासूबाईंनी पदराला पुसावं तसा हात ॲप्रनला पुसला आणि दोन दाणे जमिनीवर पडले. बोयान जिन्याकडे बघू लागला.

नेदानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आई, मग आधी बाबाला सांगायला नको का, जपून ठेव म्हणून?"