भट्टीवरचा माणूस

परदेशातल्या बेकरीत बारा वर्षं काढून तो घरी परतला. मेहुण्याने टॅक्सीपासून भाड्याच्या खोल्यांपर्यंत नाना धंदे सुचवले, पण त्याने एकही मनावर घेतला नाही. "माझ्या हातात कला आहे, मी बेकरीच टाकणार," असं म्हणून त्याने सगळी पुंजी गाळ्यात आणि भल्यामोठ्या विजेच्या भट्टीत ओतली.

पहिल्या दिवशी बायको मैद्याच्या पोत्यापाशी उभी राहिली. "अहो, यीस्ट किती घालू?"

यीस्ट त्याने कधी घातलंच नव्हतं. तिकडे पीठ खालच्या मजल्यावर मळलं जायचं आणि फुगलेले पाव साच्यांतून लिफ्टने वर यायचे. तो फक्त भाजायचा. "मी पाव बनवतो" असं फोनवर सांगून सांगून ते त्याला स्वतःलाच खरं वाटू लागलं होतं. पीठ काय, कुणीही मळेल, असं त्याने गृहीतच धरलं होतं.

"घाल अंदाजाने," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत तीन खेपा निघाल्या आणि तिन्ही दगडासारख्या. बायकोने एक पाव मोडायचा प्रयत्न केला, मोडेना. तिने तो हलकेच ट्रेमध्ये परत ठेवला.

"रंग मात्र सुरेख आलाय हो," ती म्हणाली.