हललेले फोटो

शेवंती गेली त्या दिवशी तिचा एकही धड फोटो घरात नव्हता. लग्नातले होते, पण त्यांत मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. म्हणून कुणीतरी नाक्यावरच्या फोटो स्टुडिओतल्या कुंडलिकला बोलावून आणलं. आमच्याकडे तशी पद्धत आहे. उचलायच्या आधी शेवटचा फोटो काढतात. कुंडलिकने तिला थोडं उठवून बसवायला सांगितलं, मागून तिच्या भावाने, पंढरीने, धरलं आणि फोटो निघाला.

तो फोटो एकदम स्वच्छ आला. ती हलत नव्हती ना.

तेराव्याच्या आत फ्रेम हवी होती. कुंडलिकने तो मोठा केला, मागचे पंढरीचे हात घालवले, कपाळावर कुंकू काढलं आणि बारीक ब्रशने मिटलेले डोळे उघडे केले. कळव्यात सगळे असेच करून घेतात, मी पण हो म्हटलं. आलेल्या बायका म्हणाल्या, किती छान आलाय, बोलेल असं वाटतंय. मी त्या फ्रेमकडे बघितलं. काविळीने सुजलेला चेहरा कुंडलिकने गोरा केला होता. डोळे सरळ होते, पण ते कुणाकडेच बघत नव्हते.

आमची जनी तेव्हा सहा-सात वर्षांची. ती फ्रेमच्या डाव्या बाजूला उभी राहायची, मग उजव्या बाजूला. एकदा मला म्हणाली, "बाबा, आई कुठे बघते?"

मी म्हटलं, देवाकडे. तिला ते पटलं नाही. ती त्या खोलीत एकटी जाईनाशी झाली.

दुसरे फोटो होते ते खडवलीचे. शेवंती जायच्या दोन वर्षं आधी आम्ही नदीवर जेवण घेऊन गेलेलो. पंढरी दुबईहून नवा कॅमेरा घेऊन आलेला. त्यात कुंडलिककडून काळा-पांढरा रोल भरून घेतला होता. पंढरीला कॅमेरा चालवता येत नव्हता, पण ते त्याला कुणी सांगू शकत नव्हतं. अख्खा रोल हललेला नाहीतर धूसर. काहींत त्याचा अंगठा, काहींत नुसती झाडं. शेवंती त्यात बऱ्याच ठिकाणी आहे, पण कुठे पाठमोरी, कुठे चेहऱ्याचा नुसता पांढरा पट्टा. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो आणि पाकीट ट्रंकेत टाकून दिलं होतं.

ती गेल्यावर मी ते बाहेर काढलं. त्यातल्या एका फोटोत ती मान वळवत होती, तोंड जरा उघडं. मला वाटलं, हा मोठा केला तर चेहरा दिसेल. याची फ्रेम करून ती रंगवलेली काढून ठेवता येईल. कुंडलिक नको म्हणत होता. फोटो मोठा केला की त्यातलं हललेलं पण मोठं होतं, म्हणाला. मी ऐकलं नाही. त्याने करून दिला. घरी आणून कागदातून काढला तर डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं आणि तोंडाचा लांब ओघळ. जनी माझ्या पाठीशीच होती. ती किंचाळली आणि शेजारी पळाली. दोन दिवस ती घरी यायला तयार नव्हती.

खरं सांगायचं तर मी पण घाबरलो होतो. पण माझी भीती वेगळीच होती. कामावर मशीन चालू असताना मी शेवंतीचा चेहरा आठवून बघायचो. पहिले काही महिने आठवायचा. मग हळूहळू डोळ्यांपुढे ती फ्रेमच यायला लागली, रंगवलेले डोळे आणि गोरे गाल. मी आठवण्याचा जितका जोर करायचो तितकी ती फ्रेम पुढे यायची. माझ्यासारख्या माणसाचं हे, मग जनीचं काय? तिला तर जन्मभर आई म्हणून मेलेल्या बाईचा चेहरा आठवणार.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी माझी सासू आवडाबाई कोनगावहून राहायला आली. नात्याने ती माझी मामी, म्हणून मी तिला मामीच म्हणतो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला फार उशीर झाला होता. उन्हात सगळे ताटकळले, शेवटी जनीला सांभाळीन असं मी मोठ्याने म्हटलं तेव्हा शिवला. मामीच्या मनात ते राहून गेलं होतं. आता जनी झोपेत ओरडते हे तिने पाहिलं, तो मोठा केलेला फोटोही पाहिला आणि तिला कारण सापडलं.

मला समोर बसवून म्हणाली, "परशुराम, माझी पोर धड चेहऱ्याची होती. तिला तू बिनचेहऱ्याची करून ट्रंकेत कोंडलीस. ती कशी सुटंल? पोरीला पण धरंल ती. वर्साच्या आधी हे समदं खाडीला दे."

मी म्हटलं, मामी, नुसते कागद आहेत ते.

"कागद हायत तर मग द्यायला का रडतंस?"

जनीच्या अंगात ताप होता. आपण ठेवले आणि पोरीला काही झालं तर? आणि दिले आणि मग कळलं की शेवंती त्यातच होती तर? आठवडाभर मी ट्रंक उघडायचो आणि बंद करायचो. शेवटी तापाने ठरवलं. मी मामीला हो म्हटलं.

खाडीला द्यायचं ते ओहोटीला. भरतीला दिलेलं परत येतं, हे आमच्यात लहान पोराला पण ठाऊक. दुपारी पाणी उतरायला लागल्यावर जनीला शेजारी ठेवून मामी आणि मी बंदरावर गेलो. मामीने पाकीट आणि तो मोठा फोटो शेवंतीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला होता, वर हळदकुंकू. ती गुडघाभर पाण्यात शिरली, हात जोडले आणि गाठोडं सोडलं. ते बुडालं नाही. हळूहळू बाहेर निघालं.

मी काठावर उभा होतो. मनाची समजूत घालत होतो की अगदीच वाटलं तर कुंडलिककडून परत काढून घेऊ. तेव्हा माझ्या लक्षात आलं. निगेटिव्ह त्याच पाकिटात होत्या. स्टुडिओवाले फोटो आणि निगेटिव्ह एकाच पाकिटात घालून देतात, पुढच्या खिशात फोटो आणि मागच्या खिशात निगेटिव्ह. नुसता फोटो गेला तर तो पुन्हा निघतो. निगेटिव्ह गेली की संपलं.

चप्पल कुठे गेली माहीत नाही. मी चिखलात मांडीपर्यंत रुतलो. मामी मागून ओरडत होती, दिलेलं परत घेऊ नकोस, परशुराम, पाया पडते. ओहोटीची ओढ मला पण खेचत होती. गाठोडं तिवरांच्या झाडांच्या मुळांशी अडकलं, म्हणून हाताला लागलं, नाहीतर मी पोहत गेलो असतो.

काठावर येऊन मी पाकीट उघडलं. पट्ट्या चिखलाने भरल्या होत्या. पहिली पट्टी मी सदऱ्याला पुसली. पुसली आणि बघतो तर त्यावरची चित्रं खरवडून निघाली. ओली फिल्म दुधावरच्या सायीसारखी असते, हे मला नंतर कळलं. चिखलातली रेती तिच्यावरून फिरली होती. बाकीच्यांना मी हातच लावला नाही. मामीने प्यायच्या पाण्याचा डबा आणला होता, तो तिने माझ्यापुढे धरला आणि पाकीट वाकडं करून मी पट्ट्या त्यात सोडल्या. ती पण घाबरली होती. तिची पोर पुसली जाताना तिने पण पाहिली होती.

तसाच चिखलाचा मी कुंडलिकच्या स्टुडिओत गेलो. डब्यातच ठेवल्या हे बरं केलंस, म्हणाला. एकमेकींना चिकटून वाळल्या असत्या तर सुटल्या नसत्या. त्याने त्या गोड्या पाण्याच्या ट्रेमध्ये घातल्या, पाणी बदललं, परत बदललं, नुसतं हलवत राहिला, बोट लावलं नाही. मग एकेक पट्टी चिमट्याने दोरीला टांगली, खाली वजनाला दुसरा चिमटा. मी तिथेच बाकावर बसून राहिलो. जी पट्टी मी पुसली होती तिच्यात काय होतं, हे मी त्याला विचारलं नाही.

वाळल्यावर त्याने त्या उजेडावर धरल्या. मी म्हटलं, कुंडलिक, यातला चेहरा कधीच नीट होणार नाही का?

"नाही. जे फिल्मवर उतरलंच नाही ते मी कुठून आणू? फ्रेममधले डोळे मी काढले तसे काढून देईन, पण ते माझे असतील." मग जरा थांबून म्हणाला, "मोठा नको करूस. लहान कर. आयकार्डाला लावतात तेवढा. लहानात हललेलं कमी दिसतं."

त्याने अंधाऱ्या खोलीत जाऊन तोच फोटो, मान वळवतानाचा, लहान करून आणला. कागद अजून ओला होता. मी बघितला. नाकडोळे रेखीव नव्हते. पण तिची मान तशीच होती, एक हात कमरेवर, दुसरा पुढे आलेला. कुणावर तरी वैतागलेली. मला एकदम तिचा आवाज आठवला. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा ती रंगवलेली फ्रेम आड आली नाही.

घरी मामी जनीला पेज भरवत होती. मला फोटो दाखवायची भीती वाटत होती. परत किंचाळली तर? मामी खुणेने नको म्हणत होती. मी जनीला सांगितलं, तुला नको असेल तर बघू नकोस, मी ठेवून देईन. ती माझ्या मागे लपली. मग हाताखालून तिने डोकावून पाहिलं.

"ही मला ओरडते," जनी म्हणाली. "मी पाण्यात गेलेली ना."

खडवलीला ती खरंच पाण्यात उतरली होती. मी विसरलो होतो. शेवंती फोटोसाठी उभी होती, जनी दिसली म्हणून ती वळली, आणि म्हणून तो हलला. पंढरीचा त्यात काही दोष नव्हता.

मामीने तो फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "हात बघ कसा करते," एवढंच ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी बसून बाकीचे वाळलेले फोटो बघितले. आता घाई नव्हती. प्रत्येकाला मी विचारत गेलो, यात तिचं काय दिसतं? पाठमोरी चालतानाचा मामीने मागितला, तिची चाल ओळखू येते म्हणाली. दोन फोटो जवळजवळ सारखेच होते, त्यातला जनीला आवडला तो ठेवला. नुसता अंगठा आणि नुसती झाडं जनीने स्वतःच बाजूला केली. तो मोठा केलेला आणि हे, एवढेच मी मामीला खाडीसाठी दिले. एका फोटोचं काही ठरेना. कडेला नुसता लुगड्याचा काठ, ती आहे की दुसरी कुणी, कळत नव्हतं. मामी म्हणाली टाक. मी म्हटलं, आज नको. नक्की कळत नाही तोवर राहू दे. निगेटिव्ह मात्र सगळ्या ठेवल्या, न कापता, खरवडलेली पट्टी पण.

फ्रेम मी उतरवली, पण फोडली नाही. मेलेल्या आईचा का होईना, तो तिचाच फोटो आहे. जनी मोठी झाल्यावर विचारील तर डोळे कुणी काढले हे मी तिला सांगेन. तोवर ती कापडात गुंडाळून ट्रंकेत राहील.

वर्षश्राद्धाला पाटावर काय ठेवायचं, असं भटजींनी विचारलं. मामीने तो आयकार्डाएवढा फोटो तांब्याला टेकवून ठेवला. लोकांना वाकून बघावं लागत होतं. कुणी म्हणालं, चेहरा नीट दिसत नाही. जनी तिथेच बसली होती. ती म्हणाली, दिसतो.